रमजान इफ्तारच्या ऑर्डरी सुरू: तारीख चांदवर, हिशेब रोज्यावर

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार.

कोंढव्यातल्या आमच्या हॉटेलातून यंदाही इफ्तारच्या ऑर्डरी घेणं सुरू झालं आहे. घरची दावत, सोसायटीतली इफ्तार, मशिदीत रोजेदारांसाठी पाठवायचे डबे, ऑफिसातला कार्यक्रम, सगळ्यासाठी. पण दरपत्रकाआधी तारखेचं बोलू, कारण दरवर्षी सगळ्यात जास्त फोन त्याचेच येतात.

बुधवार 18 फेब्रुवारी 2026 ला शाबानची 29 तारीख आहे. त्या संध्याकाळी चांद दिसला तर गुरुवारी 19 तारखेला पहिला रोजा, नाही दिसला तर शुक्रवारी 20 ला. चांद मगरिबनंतर थोडाच वेळ आभाळात असतो, मग गावोगावच्या खबरी गोळा होतात आणि रुयत-ए-हिलाल कमिटीचं एलान येतं. ते येईपर्यंत आम्ही कुणालाही पक्की तारीख सांगणार नाही, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या कॅलेंडरवरून तुम्ही आम्हाला सांगितली तरी पावतीवर ती कच्चीच लिहू.

म्हणून ऑर्डर तारखेने देऊ नका, रोज्याने द्या. ‘आमची इफ्तार सातव्या रोज्याला’ असं सांगितलंत की पावतीवर सातवा रोजाच लिहिला जाईल. पहिला रोजा 19 ला ठरला तर तुमचा माल 25 ला येईल, 20 ला ठरला तर 26 ला. एलान झालं की त्याच रात्री तुम्हाला तारखेचा संदेश येईल. तारीख एक दिवस सरकली म्हणून वेगळे पैसे नाहीत. ज्यांना वारच महत्त्वाचा आहे, म्हणजे ऑफिसवाले आणि रविवारी पाहुणे बोलावणारे, त्यांनी वार सांगावा. मग रोजा कितवाही असो, माल त्याच दिवशी येईल.

बोहरी घरांसाठी वेगळं: तुमचं मिसरी कॅलेंडर आधीच ठरलेलं असतं आणि रोजे आमच्या आधी सुरू होतात. तुम्ही सरळ तारीख सांगा, तीच पक्की.

पहिल्या रोज्याच्या मेनूत हलीम नाही. चांदची खबर आल्यावर मटण सांगायचं, गहू-डाळी भिजत घालायच्या आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत घोटून द्यायचं, एवढ्या घाईत हलीम हवं तसं उतरत नाही. दुसऱ्या रोज्यापासून रोज मिळेल. शिवाय 19 फेब्रुवारीला शिवजयंती आहे. पहिला रोजा त्याच दिवशी आला तर कॅम्प आणि पेठांकडच्या गाड्या आम्ही साडेचारलाच सोडू. मिरवणुकीत अडकून अजानला उशीर करण्यापेक्षा डबा तासभर आधी पोचलेला बरा.

आता वेळेचं. पुण्यात रमजानच्या सुरुवातीला सूर्य साडेसहानंतर पाच-सात मिनिटांनी मावळेल आणि शेवटी-शेवटी पावणेसातच्या आसपास, म्हणजे महिनाभरात फार फरक नाही. तरी रोजा सोडण्याची वेळ आम्ही डब्यावर छापत नाही. ती तुमच्या मशिदीच्या अजानची. मुंबईच्या नातेवाइकांनी पाठवलेला तक्ताही इथे लावू नका, तिथे सूर्य तीन-चार मिनिटं उशिरा मावळतो. शिया घरांत रोजा थोडा उशिरा सुटतो. ऑर्डर देताना तसं सांगितलंत तर गरम पदार्थांची गाडी त्या हिशेबाने निघेल.

आमची वेळ एवढीच: खजूर, फळं, सरबत अजानच्या पाऊण तास आधी दारात, आणि समोसे-भजी शेवटच्या खेपेला, अजानच्या वीस मिनिटं आधी. दावतीचं जेवण मगरिबची नमाज झाल्यावर वाढायचं असेल तर त्याची गाडी वेगळी येईल. असरनंतर आम्ही फोन करत नाही. पत्ता, मजला, गेटचं नाव सगळं सकाळीच विचारून घेतो, कारण त्या वेळी घरात एकीकडे तळण चाललेलं असतं आणि दुसरीकडे कुणी तिलावतीला बसलेलं असतं. गाडीवरची आमची बहुतेक पोरंही रोजेदार आहेत. त्यांच्या पुढच्या खणात पाण्याची बाटली आणि खजुराची पुडी असते, त्यामुळे अजान तुमच्या दारात झाली तर त्यांना दोन मिनिटं टेकायला जागा द्या, बाकी काही नको.

दर, सगळे कर धरून: इफ्तार डबा 120 रुपये. त्यात तीन खजूर, कापलेली फळं, चणे, एक समोसा, दोन कांदाभजी आणि पाण्याची बाटली. किमान 25 डबे. दावतीचं ताट 290 रुपये: इफ्तारचं वरचं सगळं, शिवाय चिकन बिर्याणी, दालचा, कांदा-दही आणि फिरनी. मटण बिर्याणी हवी असेल तर 380. किमान 40 ताटं. नुसतं मटण हलीम 640 रुपये किलो, वर तळलेला कांदा, पुदिना, लिंबू वेगळ्या पुडीत, म्हणजे घरी पोचेपर्यंत कांदा मऊ पडत नाही. मांस हलालच, आणि आमच्या भटारखान्यात वर्षभर दारू येत नाही.

शाकाहारी ताट 240 ला आहे. त्याची भांडी, तेल आणि वाढपी वेगळे. मिश्र सोसायट्यांतून आणि ऑफिसांतून ही मागणी वाढली आहे, तेव्हा संख्या आधी कळवा. पहिल्यांदाच इफ्तार ठेवणाऱ्या ऑफिसांना एक विनंती: भाषणं, सत्कार, फोटो सगळं अजानच्या आधी उरका किंवा नमाजनंतर ठेवा. अजान झाली की टेबलावर पाणी आणि खजूर हाताशी असलेच पाहिजेत, मध्ये माइक नको. नमाजसाठी स्वच्छ कोपरा आणि वजूला पाणी कुठे आहे ते पाहुण्यांना येतानाच सांगा. चटया आमच्याकडून मिळतील, त्याचे पैसे नाहीत.

मशिदीत किंवा वस्तीत स्वतःच्या नावाशिवाय डबे पाठवायचे असतील तर पाठवतो. डब्यावर ना तुमचं नाव येईल, ना आमची जाहिरात, आणि घेणाऱ्यांचे फोटो काढून पुरावा म्हणून पाठवण्याची पद्धत आमच्याकडे नाही. पोच मशिदीच्या जबाबदार माणसाच्या सहीची मिळेल.

शेवटच्या दिवसांत पुन्हा चांदचा प्रश्न येतो. पहिला रोजा 19 ला असेल तर 19 मार्चला एकोणतिसावा, 20 ला असेल तर त्या दिवशी अठ्ठाविसावा. त्याच गुरुवारी गुढीपाडवाही आहे आणि आमची निम्मी माणसं घरी असतील, म्हणून त्या दिवसाच्या ऑर्डरी 15 मार्चपर्यंतच घेऊ. तिसाव्या रोज्याची ऑर्डर आम्ही घेतो, पण एकोणतिसाव्याच्या संध्याकाळी ईदचा चांद दिसला तर तो रोजा होणारच नाही. तसं झालं तर पूर्ण पैसे परत, किंवा तेवढ्याच रकमेचा शीरखुर्मा ईदच्या सकाळी घ्या. काय हवं ते ऑर्डर देतानाच लिहून द्या, चांदरात्री आम्हालाही श्वास घ्यायला फुरसत नसते.

आगाऊ रक्कम एकूण बिलाच्या चौथाई. रद्द करायचं असेल तर आदल्या दिवशीच्या असरपर्यंत सांगा, आगाऊ रक्कम परत मिळेल. त्यानंतर मटण आलेलं असतं. गाड्या कोंढवा, वानवडी, कॅम्प, गंज पेठ आणि हडपसरपर्यंत जातात. ऑर्डरीसाठी याच संदेशाला उत्तर द्या: रोजा कितवा किंवा वार कोणता, माणसं किती, शाकाहारी किती, पत्ता आणि जवळची मशीद. रमजानात उत्तरं तरावीहनंतर येतील, हॉटेलचा काउंटर मात्र सकाळी अकरापासून उघडा आहे.