पीएच.डी. प्रवेशासाठी उद्देश निवेदन: घन अवस्था रसायनशास्त्र

झिंक फेराइटमध्ये (ZnFe2O4) जस्ताचे आणि लोहाचे आयन कोणत्या जागी बसतात आणि भट्टीतून काढल्यावर नमुना किती वेगाने थंड होतो याचा त्यावर काय परिणाम होतो, हा माझ्या संशोधनाचा विषय असावा अशी माझी इच्छा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयातून मी असेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले. हा प्रश्न मला तिथल्या प्रकल्पातच भेटला.

आमच्या प्रयोगशाळेत एक हॉट प्लेट आणि एक मफल फर्नेस होती. झिंक नायट्रेट आणि फेरिक नायट्रेट १:२ या प्रमाणात घेऊन त्यात सायट्रिक आम्ल घालायचे, अमोनियाने पीएच ७ वर आणायचा आणि आटवत राहायचे. जेल घट्ट होते, फुगते, एका कडेला ठिणगी धरते आणि बघता बघता सगळी बशी तपकिरी, भुसभुशीत राखेने भरते. ही राख लोहचुंबकाला चिकटत होती. तीच ९०० अंश सेल्सिअसला तापवून सावकाश थंड केल्यावर मात्र चुंबकाकडे जवळपास ढिम्म राहिली. पुस्तकाप्रमाणे झिंक फेराइट हे नॉर्मल स्पिनेल: जस्त चतुष्फलकीय जागी, लोह अष्टफलकीय जागी, आणि सुमारे १० केल्विनच्या वर चुंबकीय क्रम नाही. मग आधीची राख चुंबकीय का?

काही लोह चतुष्फलकीय जागी शिरले असावे, हे माझे अनुमान. पण मॅघेमाइटची भेसळ असली तरी असेच दिसेल, आणि त्याच्या एक्सआरडी रेषा फेराइटच्या रेषांना इतक्या लागून येतात की रुंद शिखरांत त्या वेगळ्या काढणे अवघड. शिवाय Zn2+ मध्ये २८ आणि Fe3+ मध्ये २३ इलेक्ट्रॉन. क्ष-किरणांना दोघांतला फरक फारसा जाणवत नाही. न्यूट्रॉनला तो स्पष्ट दिसतो. म्हणून प्रबंधात मी 'आयनांची अदलाबदल सिद्ध झाली' असे लिहिले नाही, आणि ते अर्धवट राहिलेले उत्तर मला स्वस्थ बसू देत नाही.

पीएच.डी.त मी एकाच बॅचचे नमुने वेगवेगळ्या तापमानांवरून, काही पाण्यात एकदम विझवून आणि काही भट्टीतच सावकाश थंड करून तयार करणार आहे. मॉसबावर मोजमापांतून लोहाच्या जागा आणि मॅघेमाइटची शक्यता तपासता येईल. न्यूट्रॉन विवर्तनासाठी ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर वेळ मागावा लागेल; तो अर्ज यूजीसी-डीएई केंद्रामार्फत करता येतो. रिटव्हेल्ड विश्लेषण मी फुलप्रॉफवर स्वतः शिकले आहे, पण साइट ऑक्युपन्सी आणि थर्मल पॅरामीटर एकमेकांत गुंततात तिथे मला जाणत्या मार्गदर्शकाची गरज आहे. आपल्या विभागात फेराइटवर काम चालते, म्हणूनच हा अर्ज इथे करत आहे. प्रबंध आणि एक्सआरडीची मूळ डेटा फाइल सोबत जोडली आहे.