ऑक्टोबर २०२५ : महिन्याच्या मध्याचा जाहिरात खर्च आढावा आणि फेरवाटप
(फर्निचर शोरूम, सीताबर्डी व धरमपेठ)

आकडे बुधवार, १५ ऑक्टोबरच्या रात्री १२ वाजेपर्यंतचे आहेत. सर्व रकमा जीएसटी सोडून दिल्या आहेत. मंजूर रक्कम ७,०८,००० आहे, पण त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असल्यामुळे जाहिरातीसाठी प्रत्यक्षात ६,००,०००च मिळतात. हिशेबखात्याच्या शीटमध्ये ७,०८,००० समोर आपला जीएसटीविना खर्च लिहिला जातो आणि "अजून बरेच पैसे आहेत" असे वाटते. ती शीट आजच दुरुस्त करावी.

थोडक्यात स्थिती

आतापर्यंत ३,२०,००० गेले, म्हणजे ५३.३ टक्के. योजनेनुसार २,८२,६०० जायला हवे होते, त्यामुळे ३७,४०० जास्त गेले आहेत. काहीच बदलले नाही तर महिनाअखेर ६,७५,७०० होतील, म्हणजे ७५,७०० जादा आणि जीएसटीसह सुमारे ८९,३००. खाली सुचवलेले बदल केले तर खर्च ५,८३,७५० वर येतो आणि १६,२५० राखीव राहतात. धनत्रयोदशीच्या आठवड्याला हात लावलेला नाही.

योजनेचा आकडा कसा काढला

महिन्याचे ३१ सारखे भाग केलेले नाहीत. दोन्ही शोरूमच्या चौकशी-वहीवरून दिवसांना भार दिला आहे: १–२ तारखेला (दसरा) रोज १.५, ३ ते १२ ला ०.८, १३ ते १५ ला १.२, १६ ते २० ला १.८, २१ ते २३ ला ०.६ आणि २४ ते ३१ ला ०.७. बेरीज ३१ येते. १५ तारखेपर्यंत १४.६ भार संपला, १६.४ उरला.

मागच्या वर्षाशी तुलना तारखेवरून केलेली नाही. २०२४ ला धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला होती, यंदा ती १८ ला आहे. म्हणून वहीतले दिवस धनत्रयोदशीपासून मागे-पुढे मोजले. मागचा ऑक्टोबर तसाच उचलला असता तर सगळा जोर शेवटच्या आठवड्यावर पडला असता, आणि यंदा तेव्हा दिवाळी होऊन गेलेली असेल.

१ आणि २ ऑक्टोबरचा क्लिकचा दर पुढच्या दिवसांना लावू नये. दसरा आणि दीक्षाभूमीवरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनामुळे त्या दोन दिवसांत बाहेरगावचे लोक मोठ्या संख्येने शहरात असतात. "सध्या नागपुरात असलेला" प्रत्येक फोन लोकेशनमध्ये मोजला जातो. सोफा घ्यायला आलेला माणूस त्यात थोडाच.

मोहिमेनिहाय अंदाज

| मोहीम | बजेट | १५ पर्यंत खर्च | महिनाअखेर अंदाज | फरक |
|---|---|---|---|---|
| गूगल सर्च, दुकानाचे नाव | ४०,००० | १४,६०० | ३१,००० | −९,००० |
| गूगल सर्च, सोफा-बेड-कपाट | २,००,००० | १,३१,४०० | २,७१,६०० | +७१,६०० |
| परफॉर्मन्स मॅक्स | १,३०,००० | ५८,३०० | १,२३,८०० | −६,२०० |
| मेटा, व्हॉट्सअॅप मेसेज | १,५०,००० | ६१,७०० | १,३७,७०० | −१२,३०० |
| मेटा, रील्स | ८०,००० | ५४,००० | १,११,६०० | +३१,६०० |
| एकूण | ६,००,००० | ३,२०,००० | ६,७५,७०० | +७५,७०० |

सगळ्या ओळींना एकच सूत्र लावलेले नाही. ज्या मोहिमेचा खर्च मागणीवर चालतो, तिथे भार धरला आहे. ज्या मोहिमेला रोजच्या बजेटची टोपी बसते, ती सणातही तेवढेच खर्चते, म्हणून तिथे रोजचा दर गुणिले उरलेले १६ दिवस.

```
मागणीवर चालणारी:  =खर्च + खर्च/14.6*16.4
टोपी बसलेली:      =खर्च + रोजचा_दर*16
```

दुकानाचे नाव आणि परफॉर्मन्स मॅक्स पहिल्या ओळीत बसतात, बाकीच्या तिन्ही दुसऱ्या ओळीत. सगळ्यांना पहिलेच सूत्र लावले तर एकूण ६,७९,५०० दिसतात. बेरीज जवळपास तीच येते, पण व्हॉट्सअॅपची तूट १२,३०० ऐवजी १९,००० दिसते आणि तिथे गरजेपेक्षा जास्त पैसे टाकले जातात. बेरीज जुळली म्हणून अंदाज बरोबर ठरत नाही.

फरक कुठून आला

*सोफा-बेड-कपाट.* खरी गळती इथे आहे आणि तिला दोन कारणे आहेत. दसऱ्यासाठी रोजचे बजेट ९,००० केले आणि नंतर उतरवायचे राहिले. गूगलची महिन्याची मर्यादा रोजच्या बजेटच्या ३०.४ पट असते, म्हणजे ९,००० ला २,७३,६००. दोन लाखांच्या आत राहायचे तर हा आकडा साधारण ६,५८० हवा होता. दुसरे कारण, ४ तारखेला ब्रॉड मॅच सुरू केला. त्यानंतर सर्च टर्म्समध्ये "जुना सोफा विकणे", "फर्निचर भाड्याने", "सुतार", "सोफा ड्राय क्लीनिंग" असे शोध आले. १,३१,४०० पैकी ४८,६०० ब्रॉडवर गेले आणि ३६ चौकश्या आल्या, म्हणजे एक चौकशी १,३५० ला. उरलेल्या ८२,८०० मध्ये फ्रेज आणि एक्झॅक्टने २५६ चौकश्या आणल्या, दर ३२३. मोहिमेची सरासरी ४५० दिसते. ठीकठाक वाटणाऱ्या त्या आकड्यामागे हे सगळे झाकले गेले होते.

म्हणून मोहीम कापायची नाही, ब्रॉड थांबवायचा. फ्रेज-एक्झॅक्टला बजेटअभावी ३४ टक्के इम्प्रेशन हुकत आहेत. १ ते ३ तारखेला ब्रॉड नव्हता, तेव्हा याच शब्दांवर रोज ८,७०० च्या आसपास जात होते. म्हणजे पैसे खपायला जागा आहे.

*रील्स.* ही २२ ला संपणार होती, पण शेवटची तारीख टाकायची राहिली. रोज ३,६०० प्रमाणे २२ पर्यंत ७९,२०० होतात, ते योजनेतच बसते. ३१,६०० चा जादा खर्च म्हणजे फक्त ही राहिलेली तारीख.

*व्हॉट्सअॅप.* ८ आणि ९ ला कार्ड पेमेंट नाकारले गेले आणि दोन दिवस जाहिरात बंद होती. चालू १३ दिवसांचा दर ४,७५० आहे, अंदाज त्यावर काढला. ६१,७०० मध्ये ६१७ मेसेज आले, दर १००. मात्र शोरूमने "खरी चौकशी" म्हणून खूण केलेले १८५ च आहेत, दर ३३४. गूगलशी तुलना याच आकड्याने करावी. खुणा करायला शोरूमला दोन दिवस लागतात, म्हणून १४–१५ चे मेसेज अजून पूर्ण धरलेले नाहीत. दर थोडा खाली येईल.

*परफॉर्मन्स मॅक्स.* ५८,३०० मध्ये २१२ चौकश्या, दर २७५. तूट बजेटमुळे नाही, परताव्याचे लक्ष्य घट्ट असल्यामुळे आहे. नुसते बजेट वाढवले तर खर्च हलणार नाही.

*दुकानाचे नाव.* चौकशीचा दर १००, सगळ्यात स्वस्त. म्हणून इथेच पैसे ओतावेत असे वाटेल. पण इम्प्रेशन शेअर ९१ टक्के आहे, म्हणजे नावाने शोधणारे जवळपास सगळे आपल्याला मिळतातच. जादा पैशाला इथे ग्राहक उरलेला नाही. ९,००० मोकळे होतात.

उरलेल्या २,८०,००० चे वाटप

| मोहीम | १६–२० रोज | २१–२३ रोज | २४–३१ रोज | उरलेल्या दिवसांत | नवा एकूण |
|---|---|---|---|---|---|
| दुकानाचे नाव | मागणीनुसार | मागणीनुसार | मागणीनुसार | १६,४०० | ३१,००० |
| सोफा-बेड-कपाट | ७,५०० | ३,००० | ४,००० | ७८,५०० | २,०९,९०० |
| परफॉर्मन्स मॅक्स | ७,००० | ३,००० | ३,००० | ६८,००० | १,२६,३०० |
| व्हॉट्सअॅप | १६ ला ५,७५०. नंतर ६,९०० | ४,५०० | ४,५०० | ८२,८५० | १,४४,५५० |
| रील्स | ३,६०० | बंद | बंद | १८,००० | ७२,००० |
| राखीव | | | | १६,२५० | १६,२५० |

रील्स २२ ऐवजी २० लाच थांबवत आहोत. नरकचतुर्दशीनंतर ओळख वाढवून यंदाच्या दिवाळीची विक्री होत नाही. राखीव रक्कम शुक्रवारी, २४ ला सकाळी सोडू. तोवर फ्रेज-एक्झॅक्टचा दर ४०० च्या आत असेल तर तिकडे, नाहीतर व्हॉट्सअॅपकडे. दोन्हीकडे दर बिघडला असेल तर रक्कम खर्च करू नये.

बदल करताना

१. ब्रॉड मॅचचे शब्द आधी पॉज करा, मग बजेट बदला. उलट केले तर मधल्या तासांत नवे बजेटही ब्रॉडच खातो. "जुना", "सेकंड हँड", "भाड्याने", "सुतार", "दुरुस्ती", "क्लीनिंग" हे मराठी, हिंदी आणि इंग्रजी लिपीत निगेटिव्हमध्ये टाका. गूगल निगेटिव्हला समानार्थी शब्द लावत नाही, प्रत्येक रूप वेगळे लिहावे लागते. लोकेशन `Presence` वर आहे का तेही बघा. शहरात रस असणारा माणूस पुण्यातही बसलेला असू शकतो.

२. महिन्याच्या मध्यात बजेट बदलले की गूगल मर्यादा नव्याने मोजतो: झालेला खर्च अधिक नवे बजेट गुणिले उरलेले दिवस. ७,५०० ठेवल्यावर मर्यादा १,३१,४०० + १,२०,००० = २,५१,४०० होते. म्हणजे गूगल आपल्याला २,०९,९०० वर थांबवणार नाही, २१ ला बजेट उतरलेच पाहिजे. त्या दिवशी लक्ष्मीपूजन आहे, ऑफिस बंद. २१ आणि २४ चे बदल ऑटोमेटेड रूलने रात्री १२ ते १ मध्ये लावून ठेवा आणि रूल चालला की मेल येईल असे सेट करा.

३. गूगल एका दिवसात रोजच्या बजेटच्या दुप्पट जाऊ शकतो. शनिवारी, १८ ला सोफा मोहिमेत १३–१४ हजार दिसले तर घाबरून पॉज करू नये, पण १९ ला एकूण तपासावे. मेटा एका दिवसात ७५ टक्क्यांपर्यंत वर जातो आणि रविवार ते शनिवार या आठवड्यात सातपटीच्या आत राहतो.

४. व्हॉट्सअॅपचे बजेट ४,८०० वरून थेट ६,९०० करू नका. मोठ्या उडीने अॅड सेट पुन्हा लर्निंगमध्ये जाऊ शकतो आणि ऐन धनत्रयोदशीला दर वर-खाली होतो. म्हणून दोन पायऱ्या, प्रत्येकी सुमारे २० टक्क्यांच्या.

५. "दिवाळीपूर्वी घरपोच" ही ओळ १८ च्या रात्रीनंतर चालणार नाही. चालू जाहिरातीतला मजकूर बदलू नका, त्यानेही लर्निंग नव्याने सुरू होते. "तयार माल, लगेच उचला" ही जाहिरात आजच त्याच अॅड सेटमध्ये टाकून मंजूर करून घ्या आणि १८ ला जुनी बंद करा.

६. परफॉर्मन्स मॅक्सचे परताव्याचे लक्ष्य १६ ते २० पुरते १० टक्के खाली. २१ ला मूळ जागी.

७. कार्डाची मर्यादा आज बँकेकडून वाढवून घ्या आणि मेटाला दुसरे कार्ड जोडा. १६ ते २० मध्ये मेटाचेच साधारण ५१,००० जाणार आहेत, वर जीएसटी.

मंजुरी

आज, १६ ऑक्टोबर, सकाळी ११ पर्यंत तीन गोष्टींना होकार हवा आहे: ब्रॉड मॅच बंद करणे, रील्स २० ला थांबवणे आणि १६,२५० राखीव ठेवणे. होकार उशिरा आला तर आजचा ब्रॉडचा खर्च (रोज सुमारे ४,०५०) होऊन जाईल, तो राखीवमधून वजा करू. पुढचा तपास रविवार, १९ ला दुपारी १२ वाजता. १८ च्या रात्री १२ पर्यंत चार मोहिमा आणि दुकानाचे नाव मिळून खर्च ३,९९,००० च्या आसपास असायला हवा. तो ४,१२,००० च्या वर गेला तर १९ लाच सोफा मोहीम ६,००० वर आणली जाईल आणि त्यासाठी वेगळी परवानगी मागितली जाणार नाही.