सर, पेज वाचलं, आता थोडं ऐकून घ्या

सर, काल रात्री तुमच्या सीईटी गणिताच्या क्लासचं पेज मोबाईलवर तीनदा वाचलं. लॅपटॉपवर मुद्दाम उघडलं नाही, कारण पालक ते मोबाईलवरच बघणार, तेही कुणीतरी ग्रुपवर टाकलेल्या लिंकवरून, दिवसभराची कामं उरकून झाल्यावर. डिझाईन ठीक आहे, लोगो जरा जास्तच मोठाय पण जाऊ दे. मजकुरावर मात्र बरंच बोलायचंय, राग मानू नका.

आधी हेडिंग. "उत्कृष्टतेची परंपरा, यशाची हमी!" सर, हे कुठल्याही क्लासच्या बोर्डवर चालेल, पतसंस्थेच्या कॅलेंडरवर पण चालेल. तुमचं असं त्यात काहीच नाहीये. आणि "हमी" हा शब्द तर आजच काढा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवर नियमावली काढलीय, त्यात अशा हमीच्या दाव्यांना मनाई आहे. ती ५० पेक्षा जास्त मुलं असलेल्या क्लासला लागू होते, म्हणजे तुमच्या तीन बॅच मिळून तुम्ही त्यात येताच. नियम बाजूला ठेवला तरी, हमी वाचून आजकाल पालक सावधच होतात.

गंमत म्हणजे तुमची सगळ्यात भारी गोष्ट पेजवर आहे, पण खाली नवव्या ओळीत, "टेस्ट सिरीज उपलब्ध" एवढंच लिहून! दर रविवारी पूर्ण वेळ लावून गणिताचा पेपर आणि सोमवारी चुकलेलं प्रत्येक गणित फळ्यावर, हे तुम्ही मला फोनवर सांगितलंत तेव्हा मी म्हटलं अरे हेच तर वर पाहिजे. म्हणून हेडिंग असं करून बघा:

"सीईटीच्या गणितात ५० प्रश्न आणि ९० मिनिटं. वेळ पुरायची सवय बारावीतच लावून घेतो."

आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात: "दर रविवारी ९० मिनिटांचा पेपर. जे चुकलं ते सोमवारी फळ्यावर."

यात कसलीच हमी नाही, तुम्ही काय करता ते आहे, आणि ज्या घरात "येत होतं पण वेळच नाही पुरला" हे ऐकलेलं असतं त्यांना बरोबर लागेल.

पुढचा तो हिरव्या टिकमार्कवाला भाग. अनुभवी शिक्षक, डिजिटल बोर्ड, एसी क्लासरूम, वैयक्तिक लक्ष. मी प्रत्येक ओळ वाचून स्वतःला विचारलं, बरं, मग माझ्या पोरीला त्याचं काय? चारपैकी एकाही ओळीकडे उत्तर नाही. वैयक्तिक लक्ष तर सगळेच लिहितात, तुम्ही लिहा "एका बॅचला २५ मुलं, त्यामुळे कोण कुठे अडकलंय ते सरांना नावानिशी माहीत असतं". डिजिटल बोर्डचं असं करा, "फळ्यावर जे लिहिलं ते त्याच संध्याकाळी पीडीएफमध्ये, ताप आला म्हणून लेक्चर बुडलं तरी वही अपूर्ण राहत नाही". एसी राहू दे शेवटी, त्यात फायदा वगैरे शोधत बसू नका. आणि बॅचच्या वेळा सरळ वेळा म्हणूनच लिहा, प्रत्येक ओळीला फायद्याचा मुलामा दिला की ते पण खोटं वाटायला लागतं.

आता विश्वासाचा मुद्दा, इथे मी जरा कडक बोलणारे.

तो टायमर. "प्रवेश बंद व्हायला २ तास बाकी", मी पेज रिफ्रेश केलं तर परत २ तास. सर प्लीज. हे एखाद्या पालकाने पकडलं ना तर खालचं सगळं खरं असूनही त्याला खोटंच वाटणार. खोटी घाई दाखवायला पण त्याच नियमावलीत मनाई आहे. खरंच सहा जागा उरल्या असतील तर "सकाळच्या बॅचमध्ये ६ जागा आहेत" असं लिहा आणि भरल्या की आकडा बदला, बस.

"५००+ यशस्वी विद्यार्थी", यशस्वी म्हणजे नक्की काय? त्यापेक्षा मागच्या वर्षी एकूण किती मुलं बसली आणि त्यातल्या किती जणांना किती पर्सेंटाईल, असं पूर्ण द्या, एकूण आकडा झाकू नका. आकडा मध्यम असला तरी चालतो, पूर्ण दिलेला आकडा वेगळाच वाटतो वाचायला. ज्या मुलीचा फोटो सगळ्यात वर लावलाय ती फक्त टेस्ट सिरीजला होती म्हणालात, मग फोटोखाली तसं लिहा. तिची लेखी परवानगी पण निकालानंतरची पाहिजे, ॲडमिशनच्या फॉर्मवर आधीच घेतलेली सही चालत नाही.

अभिप्राय तर "खूप छान क्लास, बेस्ट टीचर्स, एक पालक". हा तुम्हीच लिहिलाय असं वाटतं सर, खरं सांगते. तुम्ही मला त्या ताईंचा मेसेज वाचून दाखवला होतात ना, "आधी पेपर म्हटलं की जेवायचा नाही, आता स्वतःच घड्याळ लावून बसतो", तो विचारून जसाच्या तसा टाका, शुद्धलेखन पण सुधारू नका. आणि ते पदवीची टोपी उडवणारे परदेशी विद्यार्थी काढून फळ्यापुढे उभे तुम्हीच दिसा, खडूने भरलेला शर्ट असला तरी चालेल.

आता फॉर्म, माणसं सगळ्यात जास्त इथेच गळत असणार. पेजवर चार बटणं आहेत, चौकशी करा, माहितीपत्रक, संपर्क, आणि व्हॉट्सअ‍ॅप. कुठलं दाबायचं? एकच ठेवा, डेमो लेक्चर, तेच वर, तेच मध्ये, तेच खाली. फॉर्ममध्ये नऊ रकाने आहेत, त्यात वडिलांचा व्यवसाय कशाला पाहिजे हे मला अजून कळलेलं नाही. नाव, फोन, अकरावी की बारावी, संपलं. बाकीचं फोनवर विचारा. फोनच्या रकान्याला एबीसीडीवाला कीबोर्ड येतोय, वेबसाईटवाल्या मुलाला ही ओळ द्या, आकड्यांचा येईल आणि सेव्ह असलेला नंबर आपोआप सुचवला जाईल:

```
<input type="tel" name="phone" autocomplete="tel">
```

बटणावर "सबमिट" नको, "डेमोसाठी जागा ठेवा". आणि बटणाच्या अगदी खाली: "संध्याकाळी ६ ते ८ मध्ये सर स्वतः फोन करतील. डेमो मोफत. नंतर नको वाटलं तर पुन्हा फोन येणार नाही." पण मग खरंच करू नका हां फोन.

अजून एक, मी फॉर्म भरून पाठवला तर पेज नुसतं कोरं झालं, गेला की नाही काहीच कळेना, म्हणून मी परत भरला. तुमच्याकडे माझी दोन नावं आली असतील, ती मीच. तिथे "मिळालं, आज संध्याकाळी फोन येईल" एवढं तरी दिसू दे.

"फीसाठी संपर्क करा" हे पण काढा, फी लिहा, हप्ते किती आणि पुस्तकं त्यात धरलीत का ते लिहा. तुम्हाला वाटतं आकडा बघून लोक पळतील, पण ज्यांना परवडणार नाही ते फोननंतर पण पळणारच, तुमची संध्याकाळ मात्र त्यात जाते.

सगळं एकदम जमणार नसेल तर आज फक्त टायमर आणि हमी काढा, उद्या फॉर्म, हेडिंग आणि बाकी मजकूर रविवारपर्यंत. फॉर्म झाला की लिंक टाका, आईच्या फोनवर भरून बघते, तिचा स्क्रीन फुटलाय आणि चष्मा कधीच सापडत नाही.