सायलीसाठी कुकरमधला केक

सायले, प्राचीच्या वाढदिवसाला केक नक्की होईल, काळजी करू नकोस. तुमच्या पॅन्ट्रीत तो भाताचा इलेक्ट्रिक कुकर आहे ना, तेवढा पुरे. मी आतापर्यंत चारदा केलाय. मैद्याच्या नादी लागू नकोस, रव्याचाच कर. अंडं लागत नाही आणि फेटत बसावं लागत नाही.

एक वाटी बारीक रवा, एक वाटी दही (जरा आंबटच घे), पाऊण वाटी पिठीसाखर आणि पाव वाटी तेल एकत्र करून अर्धा तास झाकून ठेव. रवा दही पिऊन घट्ट होतो. मग पाव वाटी दूध घालून सारखं कर. इडलीच्या पिठाइतकं सैल हवं. वेलची, टूटीफ्रूटी याच वेळी घाल. अर्धा छोटा चमचा खायचा सोडा मात्र अगदी शेवटी, कुकरच्या भांड्याला तूप लावून झाल्यावरच. दह्यात पडला की तो लगेच फसफसतो. हलक्या हाताने ढवळ आणि तडक भांड्यात ओत. तेव्हा थांबलीस तर केक बसतो.

आता बटणाचं नीट ऐक. भातात पाणी असेपर्यंत भांड्याचं बूड साधारण १०० अंशांच्या वर जात नाही. पाणी आटलं की ते तापतं आणि बटण वर उडतं. केकच्या पिठात तेवढं पाणी नसतं, म्हणून पाच-सात मिनिटांतच बटण उडेल. घाबरू नकोस, बिघडलेलं नाही. दहा-बारा मिनिटं वॉर्मवर तसंच राहू दे, मग पुन्हा दाब. असं तीन-चार वेळा, एकूण पाऊण तास धर. मी पहिल्यांदा बटणाला चमचा अडकवून ते दाबून ठेवलं होतं. खालचा थर काळा झाला, वर पीठ कच्चंच, शिवाय तसं करणं धोक्याचं आहे. तू करू नकोस.

झाकणाखाली पातळ सुती रुमाल ताणून बांध, टोकं वर घे. वाफेचं पाणी केकवर पडलं तर वरची बाजू चिकट होते. वाफेचं भोक मात्र मोकळं ठेव.

पाऊण तासाने मधोमध टूथपिक घाल. पीठ लागलं नाही तर झालं. वरून पांढराच दिसेल, तो रंग चढतच नाही. १५ मिनिटं थंड होऊ दे, कडेने लाकडी उलथनं फिरव (सुरी नको, भांड्याचं कोटिंग जातं) आणि ताटलीवर उलटा कर. खालची बाजू वर आली की चांगली खमंग तपकिरी दिसते. तीच वर ठेवून द्यायचा.

शुक्रवारी रात्री कर, रव्याचा केक दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतो. बटण पहिल्यांदा उडालं की फोन कर, मी जागी असेन.

– ऋतू