मावशी, तुझ्या सीबीसीच्या रिपोर्टबद्दल

मावशी, फोटो मिळाला. वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची चमक आलीय, पण आकडे नीट वाचता येतात. H आणि L पाहून रात्रभर जागू नकोस. H म्हणजे शेजारी छापलेल्या मर्यादेपेक्षा जास्त, L म्हणजे कमी. आजार कोणता, ते या अक्षरांवरून कळत नाही.

आधी हिमोग्लोबिन, कारण खरं लक्ष तिथेच द्यायचंय. तुझं ९.८ आहे, बायकांचं १२ च्या वर हवं. लाल पेशींतलं हे प्रथिन फुफ्फुसातला ऑक्सिजन अंगभर पोचवतं. लोकमान्य नगरच्या घराचा जिना चढताना तुला धाप लागते, ती बहुतेक यामुळेच. खाली MCV ७० L दिसतंय ना? ते लाल पेशीचं सरासरी आकारमान, साधारण ८० च्या पुढे असतं. RDW १७.८ H, म्हणजे पेशी एकसारख्या नाहीत, लहानमोठ्या आहेत. हे तिन्ही एकत्र दिसलं की पहिला संशय लोह कमी पडल्याचा. त्यात वर्षभर पाळीला जास्त जातंय, हे तूच सांगितलंस. थॅलेसिमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही पेशी लहान दिसतात, म्हणून नुसत्या अंदाजावर गोळ्या सुरू करू नकोस. डॉक्टरांना फेरिटिनबद्दल, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या तपासणीबद्दल विचार. ताप असताना फेरिटिन खोटं जास्त येऊ शकतं, तेव्हा खोकला-ताप पूर्ण गेल्यावर ते करणं बरं.

पांढऱ्या पेशी १२,४०० H. त्या संसर्गाशी लढतात, आणि तपासणीला रक्त दिलंस तेव्हा तुला ताप होताच. लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, ते १६ टक्के L पाहून तू घाबरलीस, पण तो नुसता वाटा आहे. १२,४०० चे १६ टक्के म्हणजे जवळजवळ दोन हजार, आणि प्रत्यक्ष संख्या म्हणून ती ठीक आहे. न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार वाढला, म्हणून यांचा वाटा घटलेला दिसतो.

प्लेटलेट ४७२ H. हे ४७२ नव्हे, ४७२ हजार, म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास! डेंग्यूत घसरतात त्या याच, रक्त गोठवणाऱ्या पेशी. तुझ्या उलट थोड्या वाढल्यात. लोह कमी असलं किंवा संसर्ग असला की त्या अशा वाढतात, आणि मूळ कारण गेलं की बहुधा आपोआप उतरतात.

या आठवड्यात फिजिशियनला दाखव, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनाही. जाताना फोटो नको, कागदच ने, सोबत जुना रिपोर्टही. बसल्याजागी धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, शौच डांबरासारखं काळं झालं किंवा तासाला पॅड बदलावं लागलं, तर वाट न बघता सरळ एमवाय हॉस्पिटलला किंवा जवळच्या इमर्जन्सीत जा. लोहाच्या गोळ्या लागल्या तर त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन भरायला काही आठवडे लागतात आणि ते भरल्यावरही डॉक्टर गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवतात, मध्येच सोडू नकोस.

उद्या संध्याकाळी फोन करते, तोवर अपॉइंटमेंट घेऊन ठेव.