पडताळणी : १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने गोवा त्याच दिवशी राज्य झाला का?

दावा

व्हॉट्सॲपवरील अनेक गोमंतकीय गटांत सध्या एक संदेश आणि त्यासोबत वृत्तपत्राच्या जुन्या कात्रणाचे एक छायाचित्र फिरत आहे. संदेशाचा मजकूर असा : ‘१६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांनी जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरण फेटाळले. अवघ्या काहीशे मतांनी विलीनीकरणवादी हरले आणि त्याच दिवशी गोवा भारताचे राज्य बनला. मराठी बोलणारे सगळे विलीनीकरणाच्या बाजूने होते, कोकणी बोलणारे सगळे विरोधात. हाच आपला खरा घटकराज्य दिन. पुढे पाठवा.’ कात्रणावर ‘गोवा राज्य झाले!’ असा ठळक मथळा आहे.

हा संदेश पाठवणाऱ्या म्हापशातील एका वाचकाकडे आम्ही चौकशी केली, तेव्हा तो त्यांना शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांच्या गटातून आल्याचे कळले. त्याचा मूळ लेखक किंवा कात्रणाची मूळ प्रत सापडली नाही. एका श्वासात चार वेगवेगळी विधाने करणाऱ्या संदेशाला एकच शिक्का मारणे योग्य नसल्याने प्रत्येक विधान आम्ही सुटे करून तपासले.

पुराव्यांचा माग

पहिले विधान खरे आहे. संसदेने १९६६ मध्ये संमत केलेल्या गोवा, दमण आणि दीव (जनमत कौल) कायद्यानुसार १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले आणि गोव्यात विलीनीकरणाचा प्रस्ताव फेटाळला गेला. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा, म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने मतदानापूर्वीच राजीनामा दिला होता.

फरक ‘अवघ्या काहीशे मतांचा’ होता, हे मात्र निकालाच्या आकड्यांत बसत नाही. संघप्रदेश म्हणून राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. म्हणजे अंतर ३४,०२१ मतांचे होते. हा फरक फार मोठा नव्हता, असे कोणी म्हटल्यास त्यावर वाद होऊ शकतो. काहीशे मतांचा होता, असे म्हणायला मात्र आधारच नाही.

संदेशाचा कणा तिसऱ्या विधानात आहे, आणि तोच मोडतो. मतदारापुढे दोनच पर्याय ठेवले होते : महाराष्ट्रात विलीन व्हायचे असल्यास फूल आणि संघप्रदेश म्हणून राहायचे असल्यास दोन पाने. स्वतंत्र राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच, तेव्हा त्या मतदानातून राज्य निर्माण होण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. ‘दोन पानांवर’ शिक्का मारणाऱ्याने त्या दिवशी जे होते तेच टिकवले. कौलानंतर झालेल्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले, पण तेही संघप्रदेशाचेच. विलीनीकरण फेटाळणाऱ्या मतदारांनी विलीनीकरणवादी पक्षाला लगेच पुन्हा निवडून द्यावे, ही गोष्ट या संदेशाच्या साध्या-सरळ कथेत कुठेच बसत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती त्यात आलेली नाही.

राज्याचा दर्जा मिळाला तो २० वर्षांहून अधिक काळाने. संविधानाच्या छप्पन्नाव्या दुरुस्तीने आणि गोवा, दमण व दीव पुनर्रचना कायदा, १९८७ या कायद्याने ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाला, तर दमण आणि दीव वेगळा संघप्रदेश म्हणून राहिले. याच दुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३७१-झ घातला गेला आणि गोवा विधानसभेत किमान ३० सदस्य असावेत, अशी तरतूद झाली. हा बदल राजभवनातही दिसतो : त्या दिवसापर्यंत नायब राज्यपाल असलेले गोपाल सिंग त्याच दिवसापासून राज्यपाल झाले. घटकराज्य दिन ३० मे रोजी साजरा होतो तो यामुळेच. १६ जानेवारी हा दिवस ‘अस्मिताय दिस’ म्हणून पाळला जातो. दोन्ही दिवसांचे महत्त्व वेगळे आहे, आणि एकाचे श्रेय दुसऱ्याला दिल्याने पहिल्याचा मान वाढत नाही.

भाषेविषयीच्या चौथ्या विधानाला आम्ही मानांकन दिलेले नाही. गुप्त मतदानात मतदाराची भाषा नोंदली जात नाही, त्यामुळे ‘सगळे’ असे कोणालाच मोजून सांगता येणार नाही. एवढे मात्र नोंदवणे आवश्यक आहे की, विलीनीकरणाच्या विरोधात जोरदार लेखन करणारे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीच होते.

कात्रणाचे काय?

कात्रणातून वृत्तपत्राचे नाव कापलेले असल्यामुळे ते कोणत्या दैनिकाचे म्हणून दाखवले जात आहे, हे ठरवता येत नाही. पण छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. मथळ्याखाली ‘मंगळवार, १६ जानेवारी १९६७’ असे छापले आहे. प्रत्यक्षात तो सोमवार होता. आणि तळाशी पणजीतील एका कापड दुकानाची जाहिरात असून पत्त्याच्या शेवटी ‘४०३००१’ हा पिनकोड आहे. भारतीय टपाल खात्याने पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केली. साडेपाच वर्षांनंतर अस्तित्वात येणारा क्रमांक १९६७ च्या जाहिरातीत छापला जाणे शक्य नाही. शिवाय मतदानाच्याच तारखेच्या अंकात मतदानाचा निकाल छापला जाणेही संभवत नाही. वाराची चूक एखाद्या छपाईत होऊ शकते, म्हणून तिच्यावर आम्ही भर दिलेला नाही. पिनकोडाचा पुरावा मात्र पुरेसा आहे.

निष्कर्ष

जनमत कौल झाला, त्यात विलीनीकरण फेटाळले गेले, हे खरे, तो निर्णय काहीशे मतांनी झाला आणि त्याच दिवशी गोवा राज्य झाला, हे असत्य, कात्रण बनावट.

मानांकन : संदेश – दिशाभूल करणारा, कात्रण – बनावट

आमच्या मानांकनात ‘सत्य’, ‘बहुतांशी सत्य’, ‘दिशाभूल करणारे’, ‘असत्य’ आणि ‘बनावट’ अशा पाच पायऱ्या आहेत. या संदेशाला ‘असत्य’ म्हटले असते, तर जनमत कौलच झाला नाही किंवा त्याचा निकाल उलटा होता, असा अर्थ निघाला असता, आणि तो चुकीचा ठरला असता. ‘बहुतांशी सत्य’ ही पायरीही लागू होत नाही, कारण ती आम्ही तपशिलातल्या किरकोळ चुकीसाठी राखून ठेवतो, आणि येथे खोटा भाग किरकोळ नसून लोकांनी संदेश पुढे पाठवण्याचे कारणच तो आहे. खऱ्या घटनेवर खोटा परिणाम चढवला असल्यास ‘दिशाभूल करणारे’ हे मानांकन दिले जाते. कात्रणाला वेगळे मानांकन दिले, कारण मजकूर चुकीच्या समजुतीतून लिहिला गेला असण्याची शक्यता आहे, पण जुने दिसावे म्हणून घडवलेले कात्रण चुकून तयार होत नाही. ‘बनावट’ हा शिक्का वस्तूला आहे. ती पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्ही काहीही म्हटलेले नाही.