आंबिया बहार: फक्त नाल्याकडच्या झाडांची संत्री गळते, देठापाशी काळं, तंतूमुळांची साल सुटते. आधी चर, की डोळा मोकळा, की औषध?

नमस्कार. "संत्र्याची गळ होऊन राहिली, उपाय सांगा" असा प्रश्न मी मागे विचारला होता. त्यात ना जमीन सांगितली होती, ना गळलेलं फळ कसं दिसतं ते. म्हणून आता वावरात फिरून, फळं वेचून, मुळं उकरून तोच प्रश्न पुन्हा विचारतो. भारी काळ्या जमिनीत संत्रा सांभाळणाऱ्यांनी जरूर वाचावं.

वावर वरुड तालुक्यात आहे. दोन एकर, 220 झाडं, वय 9 वर्षं, नागपुरी संत्रा, खुंट जंबेरीचा, लागवड 20 बाय 20 फूट. ओलित बोअरचं, ठिबकवर. अर्धा बगीचा वरच्या अंगाला मुरमाड-मध्यम जमिनीत आहे आणि अर्धा खाली नाल्याकडे, भारी काळ्या मातीत. खालच्या मातीचा तपासणी अहवाल उन्हाळ्यातला आहे: सामू 8.1, मुक्त चुना 11 टक्के. बहार आंबिया, ताण डिसेंबर-जानेवारीत दिला, फूट चांगली झाली. शेणखत जूनमध्ये दोन्हीकडे सारखंच टाकलं.

पोळ्याच्या आधी सलग झड लागली, तेव्हापासून गळ वाढली. खालच्या अंगाला दोन ओळींच्या मधे पाणी थांबतं, पाऊस उघडला तरी चिखल वाळत नाही. वरच्या अंगाला दुसऱ्या दिवशी पाय भरत नाही.

गळ कशामुळे, हे फळावरूनच कळेल म्हणून एका सकाळी दोन्ही अंगांच्या सहा-सहा झाडांखालची फळं वेचून वेगवेगळे ढीग केले. खालच्या सहा झाडांखाली 143 फळं निघाली. त्यातली 88 देठापाशी काळपट-तपकिरी होती, 17 वर सुईच्या टोकाएवढं छिद्र आणि भोवती मऊ पडलेला गोल डाग होता, 38 वर काहीच खूण नव्हती. वरच्या सहा झाडांखाली मिळाली 29: देठ काळा असलेली 5, छिद्राची 14, बिनखुणेची 10.

छिद्राची फळं म्हणजे रस शोषणाऱ्या पतंगाची, हे मी धरून चालतो. रात्री बॅटरी घेऊन गेलो तर फळावर बसलेले पतंग दिसलेही. धुऱ्यावरच्या कुपाटीत गुळवेल आणि वासनवेल आहे, त्यावर या पतंगाची अळी वाढते, ते वेल काढणं चालू आहे. पण पतंग दोन्ही अंगांना जवळपास सारखाच आहे, 17 आणि 14. फरक आहे तो काळ्या देठाच्या फळांत. म्हणून पतंगावर कृपया उत्तर खर्च करू नका. माझी खरी अडचण खालच्या अंगाची आहे.

खाली झाडाच्या घेराखालची माती हलक्या हाताने उकरून पाहिली. तंतूमुळं काळपट, बोटांनी ओढली की वरची साल सुटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखा पांढरा भाग राहतो. वरच्या अंगाची मुळं पिवळसर, घट्ट. खालच्या 11 झाडांच्या बुंध्यावर डिंक आहे, वर एकाही झाडावर नाही. बुंध्याला बोर्डो पेस्ट (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) पावसाळ्याआधी दोन्हीकडे लावली होती.

आणखी एक गोष्ट उकरताना दिसली आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. वरून वाहून आलेला गाळ खाली बसत गेला आणि बऱ्याच झाडांचा कलमाचा डोळा मातीखाली गेला आहे. काही झाडांना डोळा शोधायला वीतभर माती बाजूला करावी लागली. लागवडीच्या वेळी तो जमिनीच्या चांगला वर होता. जंबेरीचा खुंट खाली असूनही ओली माती थेट संत्र्याच्या सालीला लागून आहे, आणि डिंकाची बहुतेक झाडं याच ओळींत आहेत.

पानांबद्दल कोणी विचारेल म्हणून सांगतो. नवी पानं शिरा हिरव्या आणि मधे पिवळी अशी दिसतात, पण ती दोन्ही अंगांना आहेत, त्यामुळे गळीतला फरक त्याने उलगडत नाही.

कृषी केंद्राच्या सल्ल्याने एक फवारणी झाली आहे: 100 लिटर पाण्याला जिबरेलिक ॲसिड 1.5 ग्रॅम, युरिया 1 किलो आणि सोबत बुरशीनाशक. वरच्या अंगाची गळ त्यानंतर कमी झाली, खालची नाही. मुळाशी अजून कोणतंही औषध ओतलेलं नाही. ठिबक खालच्या अंगाला बंद आहे.

आता ज्याचं उत्तर मला हवं आहे ते.

ज्यांच्या झाडांचा डोळा गाळाखाली गेला होता आणि ज्यांनी तो मोकळा केला, त्यांनी हे काम भर पावसाळ्यात केलं की पाऊस सरल्यावर? माझी भीती अशी की आत्ता खोऱ्याने माती ओढली तर उरलेली चांगली मुळंही तुटतील आणि बुंध्याभोवती खड्डा होऊन तिथेच पाणी मुरेल. पण थांबलो तर डिंक वर चढेल, हीही भीती आहेच. एखादं झाड जरी असं वाचवलं असेल तर तेवढंच सांगा, त्याचाही उपयोग आहे.

दुसरं, चर. दोन ओळींच्या मधून नाल्याकडे उतार धरून चर काढायचा विचार आहे. अशा भारी जमिनीत दोन फूट खोल पुरतो का? प्रत्येक ओळीत काढला की एक सोडून एक? मुळं किती तुटली आणि झाड सावरायला किती काळ लागला?

मेटालॅक्झिल-मॅन्कोझेबचं द्रावण मुळाशी ओतायचं ठरवलं आहे, पण माती गच्च ओली असताना ओतलं तर ते मुळाला लागतं का, की वाफशाची वाट पाहावी? ज्यांनी दोन्ही प्रकारे करून पाहिलं असेल त्यांचा शब्द मी जास्त मानेन.

आणि डिंकाच्या 11 झाडांवर फळ भरपूर आहे. ते उतरवून झाडाचा भार कमी करावा का? व्यापारी बगीचा पाहून गेला आहे, इसार अजून घेतलेला नाही, म्हणून हा निर्णय माझ्या हातात आहे. बाप-लेकांनी मिळून वाढवलेली झाडं आहेत, एका बहारासाठी ती गमवायची नाहीत.

उत्तर देताना तुमची जमीन भारी की हलकी, खुंट जंबेरी की रंगपूर लाईम, आणि केलेल्या उपायाचं पुढच्या बहारात काय दिसलं, एवढं सोबत लिहा. औषध सांगितलं तर कंपनीच्या नावाऐवजी आतला घटक लिहा, म्हणजे इकडे मिळेल ते घेता येईल. सगळ्याच प्रश्नांचं उत्तर द्यायची गरज नाही, एकाचं आलं तरी चालेल.

चार फोटो जोडले आहेत: फळांचे तीन ढीग, साल सुटलेली मुळं वरच्या अंगाच्या मुळांशेजारी ठेवून, डिंक आलेला बुंधा, आणि माती बाजूला केल्यावर दिसणारा डोळा.

या आठवड्यात मुळं आणि मुळाजवळची ओली माती पिशवीत बांधून नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत तपासायला नेतो आहे. अहवाल आला की तो इथेच टाकेन, म्हणजे ज्यांच्या बगीच्यात असंच होत आहे त्यांनाही तो पाहता येईल. चरासाठी मजूर रविवारचे सांगितले आहेत. चराबद्दल कोणाचा अनुभव वेगळा असेल तर शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा, काम पुढे ढकलायला मी तयार आहे.